संदर्भांचे साटेलोटे

गिरीज, भुईगाव, नंदाखाल या वसईच्या पट्ट्यातल्या जुन्या वाड्यांमध्ये बावखल असायचे. बावखल म्हणजे वाडीतच खणलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाळ्यात ते भरायचे, केळीला आणि भाजीला त्यातून पाणी जायचे, आणि उरलेले जमिनीत मुरून आजूबाजूच्या विहिरी उन्हाळ्यापर्यंत गोड ठेवायचे. समुद्र जवळ असल्यामुळे या मुरण्याला फार महत्त्व आहे. जमिनीतले गोडे पाणी कमी झाले की त्या जागी खारे पाणी सरकते. गेल्या काही दशकांत कितीतरी बावखले बुजली.

आता असे धरून चला की गिरीजला राहणाऱ्या आणि जवळच्याच एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी या पाण्यावर शोधनिबंध लिहिला. दोन वर्षे त्यांनी 32 विहिरींचे पाणी मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये तपासले, त्यातले क्लोराइड आणि विद्युतवाहकता मोजली. ज्या विहिरीजवळ बावखल शिल्लक आहे तिथे उन्हाळ्यातला खारेपणा कमी राहतो का, एवढा एकच प्रश्न. निबंध जर्नलला गेला, चार महिन्यांनी रिव्ह्यूअरचे शेरे आले. बाई आणि त्यांचा निबंध मी उदाहरणासाठी रचलेला आहे. त्यांच्यापुढे जो पेच येतो तो मात्र रचलेला नाही.

रिव्ह्यूअर म्हणजे त्या विषयातला असा जाणकार, ज्याच्याकडे संपादक निबंध तपासायला पाठवतो आणि ज्याचे नाव लेखकाला सहसा कळत नाही. बाईंच्या रिव्ह्यूअरने चार मुद्दे लिहिले. नमुना विहिरीच्या किती खोलीवरून घेतला ते सांगा. भरती-ओहोटीच्या वेळा नोंदल्या होत्या का? दोन गटांची तुलना कोणत्या सांख्यिकी चाचणीने केली? हे तिन्ही मुद्दे रास्त होते, निबंध त्यांनी सुधारणारच होता. चौथा मुद्दा असा होता की संदर्भ अपुरे आहेत, खालील निबंधांचा उल्लेख करणे आवश्यक आहे. खाली 11 निबंधांची यादी. त्यातल्या नऊ निबंधांवर एकच आडनाव, आणि ते सगळे कारखान्यांच्या सांडपाण्यातून जड धातू काढण्यासाठी नॅनोकण कसे वापरावेत याबद्दलचे. बाईंच्या निबंधात ना कारखाना, ना जड धातू, ना नॅनोकण.

पहिल्यांदा अशी यादी हातात आली की लेखकाला वाटते, चूक आपलीच असेल. आपण वाचले नसेल. ही शंका प्रामाणिक माणसालाच येते, आणि दबाव नेमका तिच्यावरच चालतो.

नऊच निबंध का, आणि तेच नऊ का, हे कळण्यासाठी एक आकडा समजून घ्यावा लागतो. 2005 मध्ये होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने संशोधकाचे काम एका अंकात सांगण्याची रीत सुचवली. तिला एच-इंडेक्स म्हणतात. तुमच्या 20 निबंधांचा प्रत्येकी निदान 20 वेळा कुणीतरी संदर्भ दिला असेल, तर तुमचा एच-इंडेक्स 20. आता एखाद्याचे 17 निबंध विसाच्या पुढे गेलेत आणि आणखी तीन 18-19 वर अडकलेत असे समजा. त्याला गाजलेल्या निबंधांसाठी आणखी संदर्भांची गरज नाही. त्या तीन निबंधांना प्रत्येकी एक-दोन संदर्भ मिळाले की त्याचा अंक 20 वर जातो. म्हणून यादी आली की गुगल स्कॉलरवर त्यातल्या प्रत्येक निबंधाला आजवर किती संदर्भ मिळालेत ते पाहून ठेवावे. क्षेत्रातला पायाभूत निबंध यादीत नाही आणि उंबरठ्यावरचे निबंध मात्र ओळीने आहेत, असे दिसले तर मागणीमागचे गणित लक्षात येते. दर वेळी असे दिसेलच असे नाही, आणि एवढ्यावरून आरोपही करू नये. पण मनातली ‘चूक आपलीच’ ही शंका मिटवायला ते पुरते.

ही मागणी एकट्या रिव्ह्यूअरची. याच दुखण्याचे दुसरे रूप खुद्द जर्नलकडून येते, आणि त्याचा आकडा वेगळा आहे. यूजीन गारफिल्ड यांनी 1964 मध्ये विज्ञानातल्या संदर्भांची सूची छापायला सुरुवात केली. कोणत्या निबंधाला पुढे कुणी आधार म्हणून घेतले हे वाचकाला शोधता यावे, हा तिचा हेतू. त्याच सूचीतून पुढे जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर निघाला. त्याचे गणित सोपे आहे. एखाद्या जर्नलने मागच्या दोन वर्षांत 60 निबंध छापले आणि यंदा त्या निबंधांना एकूण 54 संदर्भ मिळाले, तर इम्पॅक्ट फॅक्टर 54 भागिले 60, म्हणजे 0.9. आता संपादकाने यंदाच्या लेखकांकडून मिळून 12 जादा संदर्भ घालून घेतले की 66 भागिले 60, म्हणजे 1.1. बारा संदर्भ म्हणजे सहा लेखकांकडून प्रत्येकी दोन. कुणाच्या डोळ्यावर येणार नाही इतके थोडे.

0.9 आणि 1.1 यांत काय मोठा फरक, असे वाटेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत प्राध्यापकाच्या निवडीसाठी आणि बढतीसाठी जी गुणपद्धत आहे तिच्यात हा फरक मोजलेला आहे. इम्पॅक्ट फॅक्टर एकच्या खाली असलेल्या जर्नलमधल्या निबंधाला 10 वाढीव गुण, एक ते दोनमध्ये 15, दोन ते पाचमध्ये 20. म्हणजे जर्नलने एकची रेघ ओलांडली की तिथल्या प्रत्येक निबंधाचे पाच गुण वाढतात, आणि ते जर्नल लेखकांना एकदम हवेसे होते. दशांश चिन्हापुढच्या अंकावर माणसांच्या बढत्या अवलंबून ठेवल्या, तर त्या अंकावर हात मारण्याचा मोह होणारच होता. दोष मोहाला बळी पडणाऱ्याचा आहेच. अंकाच्या हाती इतकी सत्ता देणाऱ्यांचाही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यात एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. इम्पॅक्ट फॅक्टरला फक्त मागच्या दोन वर्षांतल्या निबंधांना मिळालेले संदर्भ चालतात. त्यामुळे आकडा फुगवणाऱ्या संपादकाची मागणी नेमकी असते: ‘आमच्या जर्नलमधले अलीकडचे काही निबंध घाला.’ कोणत्या वाक्याला आधार कमी पडतोय हे तो सांगत नाही, कोणता विचार सुटलाय हेही सांगत नाही. जर्नल कोणते आणि वर्षे कोणती, एवढेच सांगतो. 2012 मध्ये ॲलन विल्हाइट आणि एरिक फाँग यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात हजारो संशोधकांची पाहणी प्रसिद्ध केली. सक्तीची मागणी कशाला म्हणायचे याची त्यांची व्याख्या जवळपास हीच होती. अर्थशास्त्र, व्यवस्थापन अशा विषयांमध्ये केलेल्या त्या पाहणीत साधारण पाचातल्या एका संशोधकाने अशी मागणी झाल्याचे सांगितले. मागणी जास्त करून ज्येष्ठ प्राध्यापकांकडे होत नव्हती. ती व्हायची नवख्यांकडे आणि एकट्यादुकट्याने निबंध लिहिणाऱ्यांकडे. बहुतेकांनी ही पद्धत चूक आहे असे म्हटले. तरीही अशी सक्ती करणाऱ्या जर्नलकडे निबंध पाठवण्याआधीच आपण काही फालतू संदर्भ घालून ठेवू, असे निम्म्याहून अधिकांनी कबूल केले. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत वाईट वाटते. मागणी येण्याआधीच माणूस वाकलेला असतो.

स्वतःच्याच जर्नलला संदर्भ दिले की ते पकडणे सोपे जाते, कारण सूची ठेवणारे जर्नलचे स्वसंदर्भ वेगळे मोजतात. मग पुढची पायरी येते: तू माझ्या जर्नलला दे, मी तुझ्या. आपल्याकडे दोन घरांनी एकमेकांची मुलगी सून करून घेण्याला साटेलोटे म्हणतात. इथे दोन-तीन जर्नले एकमेकांना संदर्भ देतात. बाहेरून पाहणाऱ्याला प्रत्येक संदर्भ परक्याने दिलेला वाटतो. इंग्रजीत या टोळीला सायटेशन कार्टेल म्हणतात.

असे साटेलोटे कसे दिसते याचे एक नेमके उदाहरण 2012 मध्ये फिल डेव्हिस या अभ्यासकाने मांडले. ‘मेडिकल सायन्स मॉनिटर’ या जर्नलमध्ये 2010 साली एक आढावा लेख आला होता. त्याच्या संदर्भसूचीत 490 नोंदी होत्या. त्यातल्या 445 नोंदी ‘सेल ट्रान्सप्लांटेशन’ या एकाच दुसऱ्या जर्नलच्या, आणि सगळ्या 2008 किंवा 2009 सालच्या. म्हणजे 2010 चा इम्पॅक्ट फॅक्टर ज्या दोन वर्षांवर निघतो, बरोबर त्याच दोन वर्षांच्या. उरलेल्या 45 पैकी 44 नोंदी ‘मेडिकल सायन्स मॉनिटर’च्या स्वतःच्या, त्याही त्याच दोन वर्षांच्या. 490 पैकी एकच संदर्भ या दोन जर्नलांच्या बाहेरचा. लेखाच्या चार लेखकांपैकी तिघे ‘सेल ट्रान्सप्लांटेशन’च्या संपादक मंडळावर होते. विषयाचा कितीही उदारपणे विचार केला तरी एखाद्या विषयातले सगळे वाचण्यासारखे संशोधन दोन जर्नलांत आणि दोनच वर्षांत झाले, असे होत नाही.

2013 मध्ये ब्राझीलमधल्या चार वैद्यकीय जर्नलांना एकमेकांना भरमसाठ संदर्भ दिल्यामुळे इम्पॅक्ट फॅक्टरच्या यादीतून निलंबित केले गेले. तिथल्या सरकारी संस्थेने विद्यार्थ्यांचे आणि विभागांचे मूल्यमापन ज्या जर्नलांत निबंध आले त्यांच्या इम्पॅक्ट फॅक्टरवर बांधले होते, म्हणून देशी जर्नलांना चांगले निबंध मिळेनासे झाले होते. संपादकांची तक्रार खरी होती. त्यावर त्यांनी निवडलेला उपाय खोटा होता. आपल्याकडची गुणपद्धत आठवली की ब्राझील फार लांबचे वाटत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाची गाठ दुसऱ्या बाजूने पडली. आयोगाने 2017 मध्ये मान्यताप्राप्त जर्नलांची यादी काढली. तिच्यातला एक मोठा भाग विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नलांचा होता. पुण्याचे भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर, श्रीधर गद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या भागातल्या 5,699 जर्नलांतून 1,336 जर्नले चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली आणि त्यातली स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्समध्ये नसलेली 1,009 एकेक करून तपासली. 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यांचा निष्कर्ष आला. तपासलेल्यांपैकी सुमारे 34.5 टक्के जर्नलांचा पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावे अशी साधी माहितीही नव्हती किंवा चुकीची होती. आणखी 52.3 टक्क्यांनी खोटी माहिती दिली होती, आणि त्यात इम्पॅक्ट फॅक्टरबद्दलचे खोटे दावेही होते. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने यादीतून 4,305 जर्नले वगळली. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या प्रकाशन-नीती केंद्राकडे केअर नावाच्या नव्या यादीचे काम आले. फेब्रुवारी 2025 मध्ये आयोगाने ती यादीही थांबवल्याचे जाहीर केले आणि जर्नलांची पारख संस्थांवर सोपवली.

पुण्याच्या त्या अभ्यासातून मला एक फरक स्पष्ट झाला, आणि लेखकाने तो ध्यानात ठेवावा. निव्वळ बनावट जर्नल तुमच्याकडे संदर्भ मागत बसत नाही. त्याला पैसे हवे असतात, आणि इम्पॅक्ट फॅक्टर ते स्वतःच मुखपृष्ठावर छापते. संदर्भांची सक्ती होते ती ज्याचा आकडा खरोखर बाहेरचे कुणीतरी मोजते अशा जर्नलमध्ये. म्हणजे ‘जर्नल नावाजलेले आहे, यादीत आहे, मग तिथे असे होणार नाही’ हा दिलासा खोटा आहे. नीट पारखलेली यादी बनावटपणापासून वाचवू शकते, साटेलोट्यापासून नाही. तिथे लेखकाला स्वतःच उभे राहावे लागते.

तर बाईंकडे परत येऊ. त्यांच्या हातात 11 निबंधांची यादी आहे आणि उत्तराला 30 दिवसांची मुदत.

पहिले काम वाचण्याचे. अकराच्या अकरा निबंधांचा निदान सारांश आणि निष्कर्ष वाचायचे. हे टाळता येत नाही, कारण नाकारायचे तर वाचून नाकारले पाहिजे. रिव्ह्यूअरला बहुधा विषय कळतो म्हणूनच त्याच्याकडे निबंध जातो, आणि ज्याने त्या विषयात काम केले आहे तो स्वतःचे काम सुचवणारच. त्यात गैर काही नाही. एल्सव्हियर या प्रकाशकाने 2019 मध्ये आपल्या हजारो रिव्ह्यूअरांच्या नोंदी तपासल्या तेव्हा संशयास्पद वागणारे एक टक्क्याहून कमी निघाले. म्हणून प्रत्येक सुचवलेल्या निबंधाला एकच प्रश्न विचारायचा: माझ्या निबंधातल्या कोणत्या वाक्याला याचा आधार लागतो? वाक्य दाखवता आले तर तो संदर्भ घ्यायचा, मग तो रिव्ह्यूअरचा स्वतःचा असला तरी. वाक्य दाखवता आले नाही तर घ्यायचा नाही, मग तो कितीही गाजलेला असला तरी.

बाईंना यादीतले दोन निबंध किनारी भागातल्या भूजलाबद्दलचे सापडले. एकात क्लोराइड आणि विद्युतवाहकता यांचे नाते दिले होते, ते त्यांच्या मोजणीच्या परिच्छेदाला उपयोगी होते. दुसऱ्यात विहिरीतल्या खोलीनुसार खारेपणा बदलतो हे दाखवले होते, आणि नमुन्याच्या खोलीबद्दल पहिल्या मुद्द्यात रिव्ह्यूअरने विचारले होते ते त्याच्याशीच जुळत होते. हे दोन घ्यायचे. उरलेले नऊ नाही.

दुसरे काम उत्तराच्या कागदाचे. हा कागद संपादकाबरोबर रिव्ह्यूअरही वाचतो, म्हणून त्यात हेतूबद्दल एक शब्दही नको. ‘तुम्ही स्वतःचा फायदा बघताय’ असे लिहिले की वाद माणसावर जातो आणि संपादक मध्यस्थ होऊन बसतो. कागदावर विषयच राहू द्यावा. पत्र अर्थात इंग्रजीत जाईल, पण आशय असा: ‘सुचवलेले सर्व 11 निबंध आम्ही वाचले. पहिला आणि चौथा आमच्या विषयाशी थेट संबंधित आहेत. ते पान 3 आणि पान 5 वर घेतले आहेत. उरलेले नऊ औद्योगिक सांडपाण्यातून जड धातू काढण्याबद्दल आहेत. आमच्या अभ्यासात जड धातू मोजलेले नाहीत आणि पाण्यावर प्रक्रियाही केलेली नाही, त्यामुळे निबंधातल्या कोणत्याही विधानाला त्यांचा आधार लागत नाही. एखादे विशिष्ट विधान रिव्ह्यूअरांच्या मनात असेल तर त्यांनी ते दाखवावे. आम्ही पुन्हा विचार करू.’ शेवटची दोन वाक्ये सोडू नयेत. त्यामुळे कारण देण्याची जबाबदारी ज्याने मागणी केली त्याच्याकडे जाते. पहिल्या तीन रास्त मुद्द्यांची उत्तरे मात्र भरपूर आणि मन लावून द्यावीत. ज्या लेखकाने नमुन्याची खोली, भरतीच्या वेळा आणि चाचणी यांवर दोन पाने लिहिली, त्याने चौथ्या मुद्द्याला नकार दिला तर तो आळसातून आला असे कुणी म्हणू शकत नाही.

तिसरे काम संपादकाला वेगळे पत्र. बहुतेक जर्नलांच्या व्यवस्थेत सुधारित निबंधाबरोबर एक पत्र फक्त संपादकासाठी जोडता येते. तिथे मोजलेली गोष्ट सांगावी: सुचवलेल्या 11 पैकी 9 निबंधांवर एकाच लेखकाचे नाव आहे, ते नऊही आमच्या विषयाबाहेरचे आहेत, त्यांचे तपशील सोबतच्या तक्त्यात आहेत, हे संदर्भ घालणे स्वीकृतीची अट आहे का, ते कृपया कळवावे. तक्त्यात निबंधाचे नाव, लेखक, वर्ष, विषय आणि आपल्या निबंधाशी संबंध अशा पाच रकान्यांत अकरा ओळी. संपादकाला दिवसाला कितीतरी निबंध हाताळायचे असतात आणि रिव्ह्यूअरचे शेरे तो पुष्कळदा जसेच्या तसे पुढे पाठवतो. हा तक्ता त्याच्या समोर आला की त्याला पहिल्यांदा दिसते काय चालले आहे ते.

दिसल्यावर काय होऊ शकते याचे उदाहरण आहे. ‘बायोइन्फर्मॅटिक्स’ या जर्नलच्या संपादकांनी, जोनाथन रेन आणि सहकाऱ्यांनी, 2019 मध्ये एका रिव्ह्यूअरची हकीकत संपादकीयात छापली. तो सरासरी 35 संदर्भ घालायला सांगायचा, आणि त्यातले जवळपास 90 टक्के त्याचे स्वतःचे असायचे. रेन यांनी त्याला त्या जर्नलसाठी निबंध तपासण्यापासून कायमचे दूर केले. दुसऱ्या एका जर्नलने पुढे चौकशी करून एका नामांकित शास्त्रज्ञाला संपादक मंडळातून काढले. तिथे काही लेखकांना पन्नासाहून अधिक संदर्भ घालायला सांगितले गेले होते. एकेक लेखक एकटा असताना प्रत्येकाला वाटत राहते की हे आपल्यापुरतेच आहे. संपादकाकडे मात्र त्या रिव्ह्यूअरचे सगळे शेरे असतात, आणि त्यांतली पुनरावृत्ती फक्त त्यालाच दिसू शकते. लेखकाने कळवले तरच तो शोधायला लागतो.

संपादकाने उत्तर दिले की अट नाही, तर प्रश्न मिटला. बहुतेकदा तसेच होते. संपादकच म्हणाला की घालावेच लागेल, किंवा मागणी मुळातच त्याच्या जर्नलमधल्या निबंधांची असेल, तर पुढची दारे आहेत: मुख्य संपादक, मग प्रकाशकाचा संशोधन-सचोटी विभाग. ते जर्नल कोप या संस्थेचे सभासद असेल तर, जर्नलकडची तक्रारीची वाट संपल्यावर, तिथेही कळवता येते. कोप ही 1997 मध्ये सुरू झालेली, प्रकाशनातल्या नीतीसाठी काम करणारी संस्था आहे, आणि रिव्ह्यूअरने केवळ आपल्या संदर्भांची संख्या वाढवण्यासाठी स्वतःचे निबंध सुचवू नयेत हे तिच्या मार्गदर्शनात स्पष्ट आहे. तक्रारीत या कलमाचा उल्लेख असला की ती वैयक्तिक रुसवा राहत नाही. शेरे, तारखा, पत्रव्यवहार सगळे पहिल्या दिवसापासून जपून ठेवावे, कारण ऑनलाइन व्यवस्थेतून ते नंतर दिसेनासे होऊ शकतात.

काहीच जमले नाही तर निबंध मागे घेता येतो. स्वीकृतीपूर्वी तो लेखकाचा हक्क आहे. इथे एक चूक मात्र पुष्कळ जण करतात: मागे घेतल्याचे पत्र पाठवले की लगेच निबंध दुसऱ्या जर्नलला देतात. पहिल्या जर्नलकडून मागे घेतल्याची लेखी पोच येईपर्यंत थांबावे. नाहीतर एकच निबंध दोन ठिकाणी असल्याचा ठपका आपल्यावरच येतो आणि मूळ तक्रारीचा जोर जातो.

एक वाट अशी आहे जी प्रामाणिक वाटते पण नाही. 2024 मध्ये ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ हायड्रोजन एनर्जी’मधल्या एका निबंधात लेखकांनी थेट लिहिले होते की रिव्ह्यूअरांच्या जोरदार आग्रहामुळे हे 13 संदर्भ देत आहोत, त्यांचा या कामाशी काही संबंध नाही. ते वाक्य जगभर फिरले. त्या लेखकांचा संताप मला समजतो. पण ते तेरा संदर्भ सूचीत गेले, मोजले गेले, ज्याला हवे होते त्याला मिळाले. त्या वाक्याने राग व्यक्त झाला, मागणी मात्र पूर्णच झाली. सांगायचे होते ते छापण्यापूर्वी संपादकाला सांगायला हवे होते.

बाई एकट्या नाहीत हेही इथे सांगायला हवे. निबंधावर त्यांच्या पीएचडीच्या मार्गदर्शकांचेही नाव आहे, आणि ते कदाचित म्हणतील, ‘घाला हो, काय जातंय? नऊ ओळींचा तर प्रश्न.’ पीएचडीची मुदत जवळ आली असेल तर हे वाक्य फार जड असते, आणि ते मानणाऱ्या विद्यार्थ्याला मी दोष देणार नाही. पण काय जाते त्याचे उत्तर आहे. गिरीजच्या पाण्यावर पुढे कुणी काम करायला आला तर तो बाईंच्या संदर्भसूचीतून वाट काढणार. त्याला तिथे नॅनोकणांचे नऊ निबंध भेटतील, आणि ते इथे का आहेत हे शोधण्यात त्याचा एक दिवस जाईल. संदर्भसूची वाचकासाठी असते. अशा वेळी मार्गदर्शकांना नीतीचे भाषण देऊ नये. तक्ता दाखवावा आणि विचारावे, ‘सर, यातला कोणता निबंध आपल्या कोणत्या वाक्याला जोडायचा? सांगा, मी जोडते.’ बहुतेक मार्गदर्शक तो तक्ता वाचून मागे हटतात, कारण नाव त्यांचेही छापले जाणार असते.

आणि नकार दिल्यामुळे निबंध नाकारला गेला तर? तसे होऊ शकते. तो धोका खरा आहे आणि नवख्या लेखकाला तो अधिक आहे. त्यासाठी एक वाट आहे: उत्तराच्या कागदात शांतपणे विषयापुरता नकार द्यावा, आणि रिव्ह्यूअरविरुद्धची सविस्तर तक्रार निबंधाचा निर्णय लागल्यावर करावी. प्रकाशकाचा सचोटी विभाग नंतर आलेली तक्रारही घेतो. उशिरा केलेली तक्रार न केलेल्यापेक्षा नक्कीच उपयोगाची, कारण पुढच्या लेखकाच्या वेळी ती संपादकाच्या फायलीत असते.

माझी वसईच्या, पालघरच्या, कोणत्याही गावच्या तरुण लेखकाला एवढीच विनंती आहे: अशी यादी आली की तिचा तक्ता करा, आणि तो विभागातल्या दुसऱ्या कुणाला तरी दाखवा.

बाईंच्या निबंधाच्या संदर्भसूचीत आधी 38 नोंदी होत्या. दुरुस्तीनंतर त्या 40 झाल्या.